कागदाचा फोटो आला : “ताई, एवढं ठीक आहे का?”

भात लावून झालंय, नाचणीची लावणी आटोपत आलीय, तेव्हा थोडं निवांत बसून ऐकाल अशी आशा आहे. आज आम्ही एका फोटोबद्दल बोलणार आहोत. माणसाच्या नाही, कागदाच्या.

२२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आपल्यातलं कोणीच विसरलेलं नाही. कपाटातल्या पिशव्या भिजल्या, सातबारे, खरेदीखतं, बँकेची पुस्तकं यांचा लगदा झाला. तेव्हापासून आमच्या गटांतल्या बायकांना एक चांगली सवय लागली. घरात कागद आला की आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. त्याच सवयीतून आमच्याकडे फोटो यायला लागले. कधी कर्जाचा करार, कधी भाडेकरार, आणि सगळ्यांत जास्त जमिनीचे कागद. फोटोखाली एकच ओळ असते : “ताई, एवढं ठीक आहे का?”

हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला, या कागदात लिहिलंय काय? दुसरा, मी यावर सही करू का? पहिल्याचं उत्तर आम्ही देऊ शकतो, कारण आम्हाला वाचता येतं आणि वेळ आहे. दुसऱ्याचं उत्तर आम्ही देत नाही. का देत नाही, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं तर किती काम होतं, ते एका ताईच्या कागदावरून सांगतो. ताईंची परवानगी घेतली आहे. त्यांची ओळख लागू नये म्हणून गाव सांगत नाही, आणि आकडे बदलले आहेत. कागदातली भाषा मात्र तशीच आहे.

ताईंचं माहेर पोलादपूरकडचं, सासर महाडकडचं. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर चार नावं लागली : आई, दोन भाऊ आणि ताई. दोन्ही भाऊ मुंबईला नोकरीत. जमीन ऐंशी आर, म्हणजे साधारण दोन एकर, डोंगराच्या उताराची वरकस. तिथे शहरातल्या एका गृहस्थांना शेतघर बांधायचं होतं. सौदा ठरला. भावाने ताईंच्या मुलाच्या मोबाईलवर कागदाचे दोन फोटो पाठवले आणि फोन केला, “अक्का, रविवारी पोलादपूरला ये. तुझी नुसती एक सही लागते. नावाला आहे.”

ताईंनी फोटो आम्हाला पाठवले. रात्री साडेनऊला. रविवारला चार दिवस होते.

आम्ही तिघी दुसऱ्या दिवशी ताईंच्या ओटीवर बसलो. फोनवर उत्तर दिलं नाही, समोर बसूनच वाचलं. त्याचं कारण पुढे सांगतो.

वाचण्याआधी आम्ही एक गोष्ट बघतो : कागद पूर्ण आहे का? या कागदाच्या खाली कोपऱ्यात छापलं होतं, ‘पान २ / ५’. दुसऱ्या फोटोवर ‘पान ३ / ५’. म्हणजे पाच पानांच्या कागदाची मधली दोन पानं आपल्यापुढे होती. पहिल्या पानावर कागदाचं नाव असतं, स्टॅम्प असतो, तो कोणाच्या नावाने आणि कधी घेतला ते असतं. शेवटच्या पानांवर जमिनीचा तपशील असतो, सह्या असतात, साक्षीदार असतात. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘परिशिष्ट अ मध्ये वर्णन केलेली मिळकत’. ते परिशिष्ट फोटोत नव्हतं. म्हणजे सौदा याच ऐंशी आरचा आहे की घराखालच्या जागेचाही आहे, हे या दोन पानांवरून कळणं शक्यच नव्हतं.

दुसरी गोष्ट बघतो ती कागदाची कड. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘लिहून देणार यांना रक्कम परत मागण्याचा हक्क राहील’ आणि ‘हक्क राहणार नाही’, या दोन वाक्यांची सुरुवात सारखीच आहे. सगळा फरक शेवटच्या शब्दांत आहे. फोटो तिरका निघाला, उजवी कड कापली गेली किंवा घडीवर अक्षर पुसलं, की जातो तो नेमका ‘नाही’. या ताईंच्या तिसऱ्या पानावर एक ओळ अशीच ‘हक्क रा’ इथे तुटली होती. आम्ही तिघींनी फोटो मोठा करून पाहिला. एकीला ‘राहील’ वाटलं, दुसरीला ‘राहणार नाही’. अशा वेळी अंदाज करायचा नाही. आम्ही त्या ओळीपुढे ‘वाचता आलं नाही’ असं लिहून ठेवलं.

म्हणून ताईंना पहिलं काम सांगितलं : भावाला फोन करून पाचही पानांचे फोटो मागा. पान सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, चारही कडा दिसतील असे. स्टॅम्पच्या पानाची मागची बाजूही घ्या. ताई म्हणाल्या, “त्याला वाटेल अक्काला संशय आला.” आम्ही म्हटलं, “सही करायची तर पूर्ण कागद वाचायचाय, एवढंच म्हणा.” तीन पानं संध्याकाळी आली.

मग वाचन. आमची पद्धत अगदी साधी आहे. कागदात ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदर इसम’ अशी परकी माणसं बोलत असतात. ती वाचताना वाटतं, हे कोणा दुसऱ्याबद्दल आहे. म्हणून आधी शोधायचं की या कागदात आपलं नाव कोणत्या नावाखाली आहे. मग जिथे जिथे ते नाव येईल तिथे ‘मी’ घालून वाक्य मोठ्याने वाचायचं.

कागदाचं नाव होतं ‘साठेकरारनामा’. म्हणजे पुढे जमीन विकण्याचा करार. लिहून देणार होते दोघे भाऊ आणि आई. लिहून घेणार होते शहरातले गृहस्थ. ताईंचं नाव या दोन्हींत नव्हतं. त्या होत्या तिसऱ्या, ‘मान्यता देणार’. सातबाऱ्यावर चौघांची नावं एकसारखी आहेत, आणि कागदात मात्र तिघं विकणारे आणि एक मान्यता देणारी. चूक की बरोबर हे आम्ही बोललो नाही. सातबारा आणि करार शेजारी ठेवून फरक दाखवला.

आता ‘मान्यता देणार’च्या जागी ‘मी’ घालून तीन वाक्यं ऐका.

पहिलं. कागदात होतं : ‘मान्यता देणार यांना सदर मिळकतीतील त्यांच्या हिश्श्याचा संपूर्ण मोबदला यापूर्वीच मिळालेला असून त्या भरून पावल्या आहेत. त्यांचा सदर मिळकतीत कोणताही हक्क अगर हितसंबंध राहिलेला नाही.’

‘मी’ घालून : माझ्या वाट्याचे सगळे पैसे मला आधीच मिळाले आहेत. माझी तक्रार नाही. या जमिनीत आता माझं काही नाही.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मला तर एक रुपया दिला नाही. दादा म्हणाला होता, सौदा झाला की तुला साडी घेऊ आणि मुलाच्या फीचं बघू.”

हे वाक्य लबाडीने घातलं होतं असं आम्हाला म्हणायचं नाही. कागद लिहिणारे लोक आधीच्या कागदावरून मजकूर उचलतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे. दुसऱ्या कुठल्या बहिणीने खरंच पैसे घेतले असतील, तिचं वाक्य इथे आलं असेल. पण सही झाली की ते ताईंचं वाक्य होतं. जी गोष्ट घडलीच नाही, ती घडली असं त्या स्वतःच्या सहीने सांगणार होत्या. हे कळायला कायदा शिकावा लागत नाही. फक्त वाक्य आपल्या तोंडाने बोलून पाहावं लागतं.

दुसरं वाक्य : ‘सदर मिळकतीबाबत कोणीही हक्क सांगितल्यास वा वाद उपस्थित केल्यास त्याचे निवारण लिहून देणार व मान्यता देणार हे स्वखर्चाने करून देतील. लिहून घेणार यांस तोशीस लागू देणार नाहीत.’

‘मी’ घालून : उद्या कोणी चुलता, कोणी कूळ उठून म्हणालं की जमीन माझी, तर ते भांडण मिटवायचा खर्च भावांच्या बरोबरीने मी करीन. विकत घेणाऱ्याला त्रास होऊ देणार नाही.

ताईंनीच दोन्ही वाक्यं जोडली. म्हणाल्या, “म्हणजे पैशाच्या वेळी मी नाही, आणि खर्चाच्या वेळी मी आहे.” आम्ही याहून चांगलं सांगू शकलो नसतो.

तिसरं वाक्य चौथ्या पानावर होतं. ते आधीच्या फोटोंत आलंच नव्हतं. ‘सदर मिळकतीबाबतची सर्व कामे करण्यासाठी लिहून देणार व मान्यता देणार यांनी श्री. …………… यांस कुलमुखत्यार नेमले असून सदरचे मुखत्यारपत्र अपरिवर्तनीय आहे.’

‘मी’ घालून : माझ्या जागी सही करायला मी एक माणूस नेमला आहे. तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे, नोंदणी कार्यालयात तो माझ्या नावाने सही करील. आणि मी हे नेमणं मागे घेणार नाही.

तो माणूस कोण? नावाची जागा कोरी होती. टिंबं टिंबं.

कोरी जागा ही गोष्टसुद्धा डोळ्यांनी दिसते, तिला वकील लागत नाही. सहीच्या वेळी कोरं असलेलं नंतर कोण भरणार, कोणत्या नावाने, हे सही करणाऱ्याच्या हातात राहत नाही. तारखेची जागा, रकमेची जागा, नावाची जागा, सर्व्हे नंबरची जागा, या चार ठिकाणी आम्ही नेहमी बोट ठेवून बघतो. रकमेत आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते का तेही बघतो. इथे सोळा लाख दोन्हीकडे सोळा लाखच होते.

इथपर्यंत वाचन झालं. एका वहीच्या पानावर आम्ही तीन रकाने केले. पहिल्यात, कागद काय म्हणतो. दुसऱ्यात, ताई काय म्हणतात, म्हणजे खरंच घडलं का. तिसऱ्यात, जे आपल्याला कळत नाही. आणि मग ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जो प्रत्येकजण विचारते. “मग करू का सही? तुम्ही सांगाल तसं.”

इथे आम्ही थांबतो. आणि आम्ही थांबायला कसं शिकलो, तेही सांगायला हवं, कारण सुरुवातीला आम्ही थांबत नव्हतो.

दोनेक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या बहिणीने एका कागदाचा एकच फोटो पाठवला होता. त्यावर लिहिलं होतं की पन्नास हजार रुपये मिळाले, खाली सहीची जागा. तिला खरोखरच पन्नास हजार मिळणार होते. आम्ही स्वयंपाक करता करता फोनवरच उत्तर दिलं, “पैसे मिळाल्याची पावती आहे, ठीक आहे.” तो फोटो हक्कसोडपत्राच्या शेवटच्या पानाचा होता. आधीच्या पानांवर तिने माहेरच्या सगळ्या जमिनींवरचा हक्क सोडला असं होतं. तिने नोंदणी कार्यालयात सही केली. पुढे तिने विचारलं तेव्हा घरचे म्हणाले, “तूच तर तुझ्या रेडिओच्या बायकांना दाखवून आलीस. त्या ठीक म्हणाल्या ना?” आमचं अर्धवट ‘ठीक’ तिच्याविरुद्ध वापरलं गेलं. त्या दिवसापासून आम्ही फोनवर उत्तर देत नाही, आणि ‘ठीक’ हा शब्द उच्चारत नाही.

त्याचा अर्थ ‘सही करू नको’ म्हणणं सुरक्षित आहे, असाही नाही. तोही सल्लाच. आमच्या सांगण्यावरून ताई अडून बसल्या आणि सौदा मोडला, तर आईच्या औषधपाण्याचे पैसे अडतील, भावांशी बोलणं तुटेल, आणि कदाचित कायद्याने ताईंचं म्हणणं टिकणारही नाही. ते ओझं आम्ही उचलत नाही. कायद्यानेही ते काम आमचं नाही. आपल्याकडे वकिली करायला सनद लागते. नुसतं कोर्टात उभं राहणं म्हणजेच वकिली नाही, कायद्याचं मत देणं आणि दस्त तयार करणं हेसुद्धा त्यातच येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली परदेशी वकिलांच्या एका प्रकरणात म्हटलं आहे.

पण खरं कारण नियमाहून साधं आहे. कागद फक्त स्वतःपुरतं बोलतो, आणि उत्तर कागदाच्या बाहेर असतं. याच ताईंचं बघा. सातबाऱ्यावर चार नावं आहेत, म्हणजे चार सारखे हिस्से, म्हणजे सोळा लाखांत ताईंचे चार लाख, असा हिशेब आमच्यातल्या एकीने पटकन केला. आम्ही तो खोडला. हिस्सा किती हे जमीन आजोबांपासून आलेली आहे की वडिलांनी स्वतः घेतली, वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का, आधी कधी वाटप झालं होतं का, यावर ठरतं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क, असा बदल हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून आला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून झालेलं वाटप वा विक्री या बदलाने उलटत नाही. आता सांगा, ताईंच्या घरात २००४ च्या आधी काय झालं ते मोबाईलमधल्या पाच फोटोंत कुठे दिसणार? ते जुन्या फेरफारात दिसतं. तो काढून वाचणारा माणूस लागतो.

जमिनीचंही तसंच. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल किंवा इतर हक्कांत कुळकायद्याची नोंद असेल, तर विकायला आधी परवानगी लागू शकते. घेणारा शेतकरी आहे का, हेही बघावं लागतं. यातलं काहीच करारात लिहिलेलं नव्हतं. ते नव्हतं हेसुद्धा आम्ही तिसऱ्या रकान्यात लिहिलं, आणि पुढे काही बोललो नाही.

म्हणजे मग आमच्या वाचण्याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. उपयोग हा की ताई वकिलाकडे रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. ‘हे बघा ना काय आहे’ असं म्हणून पाच पानं पुढे केली, तर घाईत असलेला वकीलही वरवर बघून मोकळा होतो. ताईंनी तिसऱ्या रकान्यातून तीन प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहून नेले.

एक : मला पैसे मिळालेले नाहीत, आणि मिळाले असं लिहिलंय. ते वाक्य काढून, माझी रक्कम आकड्यात आणि माझ्या खात्यावर येईल असं लिहून घेता येईल का?

दोन : माझं नाव सातबाऱ्यावर आहे, मग मी ‘मान्यता देणार’ कशी? याने माझं काय जातं?

तीन : कोऱ्या नावाचं हे मुखत्यारपत्र मला द्यायलाच हवं का, आणि एकदा दिलं तर मागे घेता येतं का?

आणि सोबत नेलं : कराराची पाचही पानं, तलाठ्याच्या सहीचा चालू सातबारा, आठ अ, आणि वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार. फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावरच असतो.

वकिलाची फी द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घर पक्कं आहे, नवरा नोकरीला आहे, भाऊ मुंबईत आहेत, तरीही मिळते. महाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा, जिल्ह्याचं कार्यालय अलिबागला जिल्हा न्यायालयात आहे. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. तिथे ‘सही करू का’ हा प्रश्न विचारा. तो तिथलाच प्रश्न आहे.

आणखी एक गैरसमज आमच्याकडे फार येतो. “नोटरी केलाय, म्हणजे सरकारी झालाच की.” नोटरीचा शिक्का आणि दुय्यम निबंधकाकडची नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत. नोटरीसमोर सही केली म्हणून जमिनीची विक्री पुरी होत नाही. आणि नोंदणी कार्यालयातही अधिकारी बघतात ते माणूस तोच आहे का आणि सही त्यानेच केल्याचं कबूल करतो का. सौदा तुमच्या भल्याचा आहे का, हे तपासणं त्यांचं काम नाही. तेव्हा ‘तिथे साहेब बघतीलच’ या भरवशावर पायरी चढू नका. तिथे तुम्हाला विचारतील, मजकूर मान्य आहे ना? तुम्ही हो म्हणाल. तो मजकूर त्याआधी वाचलेला असला पाहिजे.

ज्यांनी वाचल्याशिवाय सही करून टाकली आहे, त्यांचं काय? त्यांनी आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नये. थेट विधी सेवेकडे जावं, त्याच आठवड्यात. अशा कामांना मुदती असतात. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधराच दिवस मिळतात. नोटीस देवाऱ्यामागे ठेवून दिली म्हणून दिवस थांबत नाहीत.

आता फोटो पाठवण्याबद्दल दोन शब्द. करारात आधार नंबर असतो, अंगठा असतो, घरातल्या सगळ्यांची नावं असतात. असा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकू नका. एकीलाच पाठवा, आणि जिला पाठवला तिने काम झाल्यावर तो पुसावा. आम्ही पुसतो, आणि पुसल्याचं तुम्हाला कळवतो.

ताईंचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. वकिलांनी काय सांगितलं तो त्यांचा आणि ताईंचा मामला. आम्हाला ताईंनी सांगितलं ते एवढंच. रविवारी त्या पोलादपूरला गेल्या. भावाला बाजूला घेऊन ते पहिलं वाक्य त्याला ‘मी’ घालून वाचायला लावलं. तो म्हणाला, “अक्का, मी पण हे वाचलं नव्हतं.” खरं असेल, खोटं असेल. त्या दिवशी कोणाचीच सही झाली नाही. कागद पुन्हा लिहायला गेला. नव्या कागदात ताई लिहून देणारांत आहेत, ‘भरून पावल्या’ नाही, आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या खात्यावर चेकने असं आहे. मुखत्यारपत्राचं बोलणं अजून चालू आहे. घेणारे गृहस्थ थोडे नाराज आहेत. धाकटा भाऊ दोन महिने बोलत नव्हता. गणपतीला तो घरी आला. जेवून गेला. जमिनीचा विषय कोणी काढला नाही.

नवा कागद आला तेव्हा ताईंनी फोटो आम्हाला पाठवला. पाचही पानं, चारही कडा, उन्हात काढलेले. खाली ओळ होती, पण या वेळी वेगळी. “ताई, मी वाचलंय. दुसऱ्या पानावरचं एक वाक्य मला ‘मी’ घालून नीट लागत नाही. येऊ का संध्याकाळी?”

आम्ही म्हटलं, या. चहा टाकतो.

पुढच्या भागात आपण बचत गटाच्या कर्जाच्या कागदावरचा ‘जामीनदार’ हा शब्द असाच ‘मी’ घालून वाचणार आहोत. तोपर्यंत घरात एखादा करार असेल तर त्याची पानं मोजून ठेवा. खाली ‘पैकी पान’ किती लिहिलंय आणि हातात किती आहेत, एवढंच बघा. नमस्कार.